तीस हजार एकतीसची साक्ष

‘मूळ संख्या अनंत आहेत’ असे वाक्य यूक्लिडच्या ग्रंथात कुठेही सापडत नाही. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने ‘एलिमेंट्स’ रचला. त्याच्या नवव्या खंडातले विसावे विधान एवढेच सांगते, की तुम्ही मूळ संख्यांचा कोणताही समूह नेमून द्या, मूळ संख्या त्या समूहाहून अधिक आहेत. वरवर पाहता अर्थ तोच वाटतो, पण दोन विधानांच्या सिद्धतेचा आकार वेगळा होतो. पुढे दोन हजार वर्षांनी या सिद्धतेभोवती जो गैरसमज वाढला, त्याचे मूळ या फरकातच आहे.

यूक्लिडने विधान असे का मांडले? पहिले कारण त्याच्या आधीच्या पिढीत आहे. ॲरिस्टॉटलने ‘फिजिक्स’च्या तिसऱ्या भागात अनंताचा विचार केला आणि गणितज्ञांना पूर्ण झालेल्या अनंताची गरज पडत नाही असे म्हटले. रेषा हवी तेवढी वाढवता आली की भूमितीचे काम भागते. अनंत लांबीची रेषा एका दमात समोर असावी लागत नाही. ग्रीक भूमिती खरोखरच याच रीतीने चालत होती आणि यूक्लिडने संख्यांबद्दलही तीच रीत ठेवली. सगळ्या मूळ संख्या एकत्र गोळा करून त्यांच्याबद्दल काही बोलावे, ही कल्पना त्याच्या मांडणीत येतच नाही. त्याच्यासमोर नेहमी मोजक्याच संख्यांचा एक समूह असतो आणि प्रश्न असतो तो त्या समूहाबाहेर काही उरते का, एवढाच.

दुसरे कारण लेखनपद्धतीचे. यूक्लिडच्या संख्या म्हणजे रेषाखंड, आणि एक रेषाखंड दुसऱ्याला ‘मोजतो’ म्हणजे त्याला निःशेष भाग जातो. ‘कितीही मूळ संख्या घ्या’ हे चिन्हांत लिहिण्याची सोय त्याच्याकडे नव्हती. म्हणून त्याने तीन घेतल्या आणि त्यांना अक्षरांची नावे दिली. आपण त्यांना क, ख आणि ग म्हणू. तीनच का, असे वाचकाने विचारू नये. हीच कृती चार किंवा चारशे संख्यांवर तशीच चालते, हे त्याने गृहीत धरले आहे.

आता त्याच्या पायऱ्या पाहू. क, ख, ग या तिन्हींनी निःशेष भाग जाणारी सर्वांत लहान संख्या घ्या. मूळ संख्यांच्या बाबतीत हा लसावि म्हणजे त्यांचा गुणाकारच. त्यात १ मिळवा. आलेली संख्या एक तर मूळ असेल किंवा नसेल. मूळ असेल तर काम झाले, कारण क, ख, ग यांच्या जोडीला चौथी मूळ संख्या मिळाली. मूळ नसेल तर तिला कोणत्या तरी मूळ संख्येने भाग जातो, आणि हे यूक्लिडने सातव्या खंडाच्या एकतिसाव्या विधानात आधीच सिद्ध केलेले आहे. त्या मूळ संख्येला घ म्हणू. घ ही क, ख, ग यांपैकी एखादी असू शकेल का? असेल तर तिने गुणाकारालाही भाग जातो आणि गुणाकार अधिक एकलाही. मग या दोघांतल्या फरकालाही भाग गेला पाहिजे, आणि फरक तर फक्त १ आहे. एकाला कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही. म्हणून घ या तिघींपेक्षा वेगळी आहे आणि चौथी मूळ संख्या या दुसऱ्या वाटेनेही मिळते.

यात विसंगती दाखवण्याची युक्ती आहे, पण ती फार आत आणि फार लहान जागेत आहे. ‘घ ही यादीतलीच असेल’ एवढेच गृहीत धरून मोडले आहे. ‘मूळ संख्या मोजक्याच आहेत’ असे यूक्लिडने एकदाही गृहीत धरलेले नाही. त्याची सिद्धता मुळात एक कृती आहे. यादी द्या, यादीबाहेरची मूळ संख्या घेऊन जा.

कृतीचा सगळा भार सातव्या खंडातल्या त्या विधानावर आहे, म्हणून तिथे क्षणभर थांबायला हवे. एखादी संख्या मूळ नसेल तर तिला तिच्याहून लहान आणि एकाहून मोठ्या संख्येने भाग जातो. ती लहान संख्या मूळ असेल तर थांबा. नसेल तर तिचा आणखी लहान विभाजक घ्या. हे उतरणे कायम चालू राहू शकत नाही, कारण एखाद्या संख्येखाली मोजक्याच संख्या असतात. कुठेतरी मूळ संख्येवर थांबावेच लागते. संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, हे मोठे तथ्य इथे लागतच नाही. एक तरी मूळ अवयव असतो, एवढे पुरते.

यूक्लिडची कृती हाताने करून पाहिली की तिच्याबद्दल काय म्हणता येते आणि काय नाही, ते लगेच दिसते. यादीत ३ आणि ५ घ्या. गुणाकार १५, त्यात एक मिळवून १६. ही मूळ संख्या नाही, पण तिचा मूळ अवयव २ आहे आणि २ यादीत नव्हता. म्हणजे नवी मूळ संख्या मिळाली खरी, पण ती यादीतल्या दोघींपेक्षा लहान निघाली! ३, ५ आणि ७ घेतल्या तर १०६ मिळते, म्हणजे २ × ५३. इथे एक नवी संख्या यादीखालची आणि एक यादीवरची. २ आणि ७ घेतल्या तर १५, आणि तिच्यातून ३ व ५ अशा दोन नव्या संख्या हाती येतात, दोन्ही ७ पेक्षा लहान. यूक्लिडने ‘अधिक मोठी’ मूळ संख्या मिळते असे कुठे म्हटलेले नाही. ‘अधिक’ मिळते एवढेच म्हटले आहे. यादीत २ पासून एका टोकापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या न चुकता घेतल्या, तरच नवी संख्या त्या टोकापलीकडे असावी लागते, कारण अलीकडची एकही शिल्लक राहिलेली नसते.

हा मजकूर पुढे कसा टिकला, ती वेगळी आणि मोठी कहाणी आहे. इथे तिचे दोन-तीन टप्पे पुरेत. सन ८८८ मध्ये स्टेफानोस नावाच्या लेखनिकाने अरेथास या विद्वान धर्मगुरूसाठी ‘एलिमेंट्स’ची एक प्रत लिहून पूर्ण केली. तिच्यासाठी चौदा सुवर्णनाणी मोजल्याची नोंद अरेथासने करून ठेवली आहे, आणि ती प्रत आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. अरबी भाषांतरांतून ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि १४८२ मध्ये व्हेनिसमध्ये एरहार्ट राटडोल्टने तो प्रथम छापला. आपल्याकडे अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अरबीवरून ‘रेखागणित’ या नावाने तो संस्कृतात आणला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते पुस्तक मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापले गेले. ग्रीक मजकुराची आज प्रमाण मानली जाणारी आवृत्ती डॅनिश पंडित हायबर्ग याने १८८३ पासूनच्या काही वर्षांत सिद्ध केली. तिच्यात नवव्या खंडाच्या विसाव्या विधानाच्या सिद्धतेचे दोन फाटे ठळक आहेत. आलेली संख्या मूळ असेल तर हे, नसेल तर ते.

या दोन फाट्यांपैकी दुसरा विसरला की काय होते, याचा एक शेजारचा प्रसंग सतराव्या शतकातला आहे. १६४० च्या सुमारास पिएर द फेर्मा याने ३, ५, १७, २५७, ६५५३७ अशा संख्यांची मालिका पाहिली. दोनचा एक विशिष्ट घात घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. दर पायरीला घातांक दुप्पट होतो. या पाचही संख्या मूळ आहेत. मालिकेतली प्रत्येक संख्या मूळ असणार असा फेर्माचा विश्वास होता आणि आपल्याकडे सिद्धता नाही हेही तो सांगत होता. १७३२ मध्ये ऑयलरने मालिकेतली पुढचीच संख्या ४२९४९६७२९७ फोडून दाखवली. ती ६४१ × ६७००४१७ आहे. मालिकेत त्यानंतरची एकही मूळ संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही.

पण याच मालिकेबद्दल क्रिस्टियन गोल्डबाखने जुलै १७३० मध्ये ऑयलरला लिहिलेल्या पत्रात एक निरीक्षण आहे, आणि ते या पडझडीतून सुखरूप वाचते. मालिकेतल्या कोणत्याही दोन संख्यांना एकाहून मोठा सामाईक विभाजक नसतो. कारण पाहण्यासारखे आहे. सुरुवातीपासूनच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार केला आणि त्यात २ मिळवले की पुढची संख्या येते. ३ × ५ मध्ये २ मिळवले की १७, आणि ३ × ५ × १७ मध्ये २ मिळवले की २५७. आधीच्या एखाद्या संख्येचा विभाजक पुढच्या संख्येलाही भागत असेल तर तो २ लाही भागेल. पण या सगळ्या संख्या विषम आहेत, म्हणून ते शक्य नाही. तेव्हा प्रत्येक संख्येचे मूळ अवयव इतरांपेक्षा निराळे असतात. मालिका कधी संपत नाही, म्हणून मूळ संख्याही संपत नाहीत. ४२९४९६७२९७ ही मूळ नाही म्हणून या युक्तिवादाला ओरखडाही पडत नाही. तिने ६४१ आणि ६७००४१७ अशा दोन नव्या मूळ संख्या आणून दिल्या. फेर्माचा अंदाज मोडला, गोल्डबाखचे निरीक्षण टिकले. रचलेली संख्या स्वतः मूळ असणे आणि तिने नवी मूळ संख्या आणून देणे, या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे मला या प्रसंगाइतके स्वच्छ दुसरीकडे दिसलेले नाही.

एकोणिसाव्या शतकात गणिताची भाषा बदलली. यादीतल्या संख्यांना क्रमांक लावून हव्या तेवढ्या लिहिता येऊ लागल्या. १८७४ पासून गेऑर्ग कांटोरने पूर्ण झालेल्या अनंत समूहांची एकमेकांशी तुलना सुरू केली, आणि ‘सर्व मूळ संख्यांचा समूह’ म्हणण्यात हळूहळू कोणालाच काही खटकेनासे झाले. मग यूक्लिडचे विधानही त्याच भाषेत विचारले जाऊ लागले. तो समूह सांत आहे की अनंत? प्रश्न असा ठेवला की उत्तराची सर्वांत सोपी सुरुवात आपोआप सुचते. समजा, तो सांत आहे. शाळेत √२ अपरिमेय असल्याची जी अप्रत्यक्ष सिद्धता शिकतात, तिचा साचा हाच. सिद्धता यूक्लिडचीच राहिली, पण तिच्या सुरुवातीला एक खोटे गृहीतक बसले आणि सगळी इमारत त्यावर उभी राहिली.

या साच्यात सुरेख काम होऊ शकते. १८७८ मध्ये अर्न्स्ट कुमरने दिलेले रूप तीन ओळींत मावते. समजा मूळ संख्या मोजक्याच आहेत आणि त्या सगळ्यांचा गुणाकार केला. या गुणाकारातून एक वजा करा. उरलेली संख्या एकाहून मोठी आहे, म्हणून तिला कोणत्या तरी मूळ संख्येने भाग जातो. ती मूळ संख्या गुणाकारातही आहे, कारण सगळ्याच त्यात आहेत. म्हणजे तिने दोघांच्या फरकाला, एकाला, भाग जातो. हे अशक्य, म्हणून गृहीतक खोटे. कुमरने मिळवण्याऐवजी वजा केले. त्याने काही बिघडत नाही, कारण काम होते ते फरक एक असल्यामुळे. रचलेली संख्या मूळ आहे की नाही, हा प्रश्न त्याने उपस्थितच होऊ दिला नाही.

वर्गात मात्र बहुधा दुसरे रूप शिकवले जाते. समजा सगळ्या मूळ संख्या यादीत आहेत. त्यांच्या गुणाकारात एक मिळवा. आलेल्या संख्येला यादीतल्या कोणत्याही संख्येने भागले तर बाकी १ उरते. म्हणजे तिला कोणत्याच मूळ संख्येने भाग जात नाही. म्हणजे ती स्वतःच मूळ आहे. पण ती यादीतल्या प्रत्येकीपेक्षा मोठी आहे, तेव्हा ती यादीत नाही. विसंगती.

या युक्तिवादात चूक नाही, हे आधी ठामपणे सांगायला हवे. गृहीतक मान्य केले तर ‘ती स्वतःच मूळ आहे’ हे वाक्य खरोखर निघते. अडचण सिद्धता संपल्यानंतर सुरू होते. गृहीतक खोटे ठरले की त्याच्या आधाराने काढलेले प्रत्येक वाक्य निराधार होते. त्यातले एखादे खरेही असू शकेल, पण ते या सिद्धतेच्या बळावर नाही. विद्यार्थी वहीत नेमके तेच मधले वाक्य नियम म्हणून उतरवून घेतो: पहिल्या काही मूळ संख्यांच्या गुणाकारात एक मिळवले की मूळ संख्या मिळते. आणि तपासायला बसला तर सुरुवातीची उदाहरणे त्याची फसवणूक करतात. २ + १ म्हणजे ३. २ × ३ + १ म्हणजे ७. मग ३१, मग २११, मग २३११. पाचही मूळ. एवढी उदाहरणे जुळल्यावर कोणाला शंका यावी?

सहाव्या पायरीला २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ म्हणजे ३००३०, आणि एक मिळवून ३००३१. ही मूळ आहे का, हे कागदावर ठरवता येते. संख्या मूळ नसेल तर तिचा एखादा मूळ अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा नसतो. ३००३१ चे वर्गमूळ १७३ पेक्षा किंचित जास्त आहे, म्हणून १७३ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. १३ पर्यंतच्या सहा तर तपासायलाच नकोत, त्यांची बाकी एक आहे हे रचनेतच ठरलेले आहे. १७ पासून सुरू करू. १७ ने बाकी ९ उरते. १९ ने ११. २३ ने १६ आणि २९ ने पुन्हा १६. ३१ ने २३, ३७ ने २४, ४१ ने १९, ४३ ने १७, ४७ ने ४५, ५३ ने ३३. आणि ५९ ने भागले तर ५०९ येतात, बाकी काहीच नाही. ३००३१ = ५९ × ५०९. दोन्ही अवयव मूळ, आणि दोन्ही पहिल्या सहांच्या यादीबाहेरचे.

या एका भागाकाराने वहीतला नियम खोडला जातो आणि यूक्लिडला मात्र पूर्ण दुजोरा मिळतो. ‘मूळ संख्या या सहाच’ असे म्हणणाऱ्याविरुद्ध ३००३१ ही साक्ष देते, आणि तिची साक्ष ती स्वतः मूळ आहे म्हणून नाही, तर तिला मूळ अवयव असायलाच हवेत आणि ते या सहांपैकी असू शकत नाहीत म्हणून आहे. सहाच मूळ संख्या असलेल्या त्या काल्पनिक जगात ३००३१ मूळही ठरते आणि ती ५९ × ५०९ ही असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत. ते जग अशक्य आहे याचाच तो अर्थ. पुढच्या पायऱ्याही पाहण्यासारख्या आहेत. १७ पर्यंत गेलो तर ५१०५११, म्हणजे १९ × ९७ × २७७. इथे नवी संख्या अगदी शेजारची, १७ नंतरची लगेचची १९, निघाली. १९ पर्यंत गेलो तर ९६९९६९१, म्हणजे ३४७ × २७९५३. नवी मूळ संख्या जवळ सापडेल की दूर, याबद्दल रचना काहीच सांगत नाही. ३१ पर्यंतच्या गुणाकाराला पुन्हा मूळ संख्या येते, २००५६०४९०१३१. त्यानंतरची अशी वेळ थेट ३७९ ला येते. अशा रीतीने येणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजही कोणाला सिद्ध करता आलेले नाही, आणि मूळ नसलेल्या अनंत आहेत का, हेही नाही.

जी. एच. हार्डीने १९४० मध्ये ‘अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या छोट्या पुस्तकात सर्वसामान्य वाचकाला गणिताचे सौंदर्य दाखवण्यासाठी जी दोन प्रमेये निवडली, त्यांत हे पहिले होते. त्याने सिद्धता विसंगतीच्या साच्यात मांडली आणि त्या पद्धतीची तुलना बुद्धिबळातल्या बलिदानाशी केली: खेळाडू एखादे प्यादे देऊ करतो, गणितज्ञ अख्खा डाव देऊ करतो. ही तुलना इतकी गाजली की यूक्लिडची सिद्धता म्हणजे अप्रत्यक्ष सिद्धतेचा नमुना, हे समीकरण अनेकांच्या मनात पक्के झाले. पण हार्डीचा मजकूर लक्षपूर्वक वाचला तर त्याने यूक्लिडचा दुसरा फाटा सोडलेला नाही. रचलेली संख्या स्वतः मूळ नसेल तर तिला भागणारी मूळ संख्या असते, हे तो स्पष्ट म्हणतो. त्याचा धडा घेणाऱ्या अनेकांनी बलिदान लक्षात ठेवले आणि हे उपवाक्य गाळले. २००९ मध्ये मायकेल हार्डी आणि कॅथरीन वुडगोल्ड यांनी एका गणिती नियतकालिकात लेख लिहून या समजाचा माग काढला. यूक्लिडने विसंगतीने सिद्ध केले असे सांगणारी पुस्तके थोरामोठ्यांचीही आहेत, आणि त्या सांगण्यामुळेच रचलेली संख्या मूळ असते हा भ्रम पोसला जातो, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते पटते. माझ्या मते वर्गात यूक्लिडची मूळ कृती आधी शिकवावी, ३ आणि ५ वरून १६ काढून दाखवावी, आणि अप्रत्यक्ष रूप नंतर द्यावे. १६ पाहिलेला विद्यार्थी ती चूक सहसा करणार नाही.

रचलेली संख्या आणखी एक गोष्ट दाखवत नाही: मूळ संख्या किती दाट आहेत. १३ नंतर पुढची मूळ संख्या ३००३१ च्या आत कुठेतरी असणार, एवढीच हमी ती देते, आणि प्रत्यक्षात १७ दाराशीच उभी असते. १३ आणि ३००३१ यांच्या दरम्यान तीन हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. यूक्लिडच्या कृतीला त्यांची चाहूलही लागत नाही. ही उणीव भरायला निराळी साधने लागली. १७३७ मध्ये ऑयलरने मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज, १/२ + १/३ + १/५ अशी, कोणत्याही मर्यादेपलीकडे जाते हे दाखवले. वर्गसंख्यांच्या व्यस्तांची बेरीज १.६५ च्या आत थांबते, म्हणजे या अर्थाने मूळ संख्या वर्गसंख्यांपेक्षा दाट आहेत. १८५० च्या सुमारास चेबिशेव्हने सिद्ध केले, की एकाहून मोठी कोणतीही संख्या आणि तिची दुप्पट यांच्यामध्ये एक तरी मूळ संख्या असते. १३ नंतर २६ च्या आत शोधा, ३००३१ पर्यंत जायला नको.

तरी यूक्लिडची कृती जुनी होऊन बाजूला पडलेली नाही. १९६३ मध्ये अल्बर्ट मुलिनने तिला स्वतःवरच चालवून पाहिले. २ पासून सुरू करा. दर वेळी आतापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार करून एक मिळवा आणि आलेल्या संख्येचा सर्वांत लहान मूळ अवयव यादीत घाला. २, ३, ७, ४३ पर्यंत सरळ जाते. पुढे १८०७ येते आणि ती १३ × १३९ आहे, म्हणून १३ यादीत जातो. मग ५३, मग अचानक ५, आणि त्यानंतर ६२२१६७१. मुलिनने विचारले: अशा रीतीने प्रत्येक मूळ संख्या कधी ना कधी येते का? उत्तर अजून मिळालेले नाही. मालिकेची ५१ पदे हाती आहेत, पुढे अवयव पाडणेच यंत्रांना जड जाते, आणि ४१ आजपर्यंत आलेली नाही.

सर्वांत लहानाऐवजी सर्वांत मोठा मूळ अवयव घेतला तर मालिका २, ३, ७, ४३, १३९ अशी जाते, आणि इथे मात्र निश्चित काही सांगता येते. या मालिकेत ५ कधीच येत नाही. समजा एखाद्या पायरीला आला. तेव्हा रचलेल्या संख्येचा सर्वांत मोठा मूळ अवयव ५, आणि २ व ३ आधीच यादीत असल्याने ते तिला भागत नाहीत. म्हणून ती संख्या ५ चा निव्वळ घात असली पाहिजे: ५, २५, १२५ अशांपैकी. यांतल्या कोणत्याही संख्येतून एक वजा केला तर ४ ने भाग जाणारी संख्या मिळते: ४, २४, १२४. पण एक वजा केल्यावर उरतो तो यादीतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार, आणि त्यात २ एकदाच आहे. त्याला ४ ने भाग जाऊच शकत नाही. १९६८ मध्ये कॉक्स आणि व्हान देर पूर्टेन यांनी ५ सारख्या आणखीही काही लहान मूळ संख्या या मालिकेत येत नाहीत हे दाखवले, आणि २०१२ मध्ये अँड्र्यू बुकरने सिद्ध केले, की तिच्यातून सुटणाऱ्या मूळ संख्याही अनंत आहेत.